त्या प्रयोगातली न्यायाधीश

तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच राहिलं. बाकी सगळ्या जगाला ती टाचणी. नाटक कंपनीच्या कपडेपटात तिनं एकोणीस वर्षं काढली, आणि त्या एकोणीस वर्षांत तिच्या ओठांत दोन-चार टाचण्या नाहीत असं फारसं कुणी पाहिलं नाही. पडदा वर जायला दोन मिनिटं असताना एखाद्या नटाची शिवण उसवली, की टाचण्या दातांत धरूनच ती त्याला झापायची, आणि झापून होईस्तोवर शिवणही झालेली असायची. मोठमोठे नट तिच्यापुढे हात वर करून गपगुमान उभे राहत.

कंपनी बुडाली तेव्हा नाटकांचे कपडे, चाळीस खोकी कागद आणि प्रयोगांच्या चित्रणाच्या कपाटभर फिती नाट्यसंग्रहालयाला दिल्या गेल्या. कुठला अंगरखा कुठल्या नाटकातला हे सांगायला कुणीतरी हवं म्हणून टाचणीला पंधरा दिवसांसाठी बोलावलं. ती पंधरा दिवसांसाठी आली आणि बारा वर्षं राहिली. अंगरखे सांगून झाले, मग फोटो, मग फिती. सेहेचाळिसाव्या वर्षी ती संगणकावर एका बोटानं टंकायला शिकली. नवरा म्हणाला, "तुला यंत्रातलं काय कळतं?" ती म्हणाली, "तुझ्या बसला गिअर असतात, याला रकाने. रकान्यात चुकीचं घातलं की गाडी चुकीच्या गावाला जाते." नवरा पंचवीस वर्षं बस चालवत होता. त्याला ते पटलं.

आणि ते खरंच होतं. फीत कपाटात सुखरूप असली तरी तिची नोंद चुकली तर ती मेल्यातच जमा. एका नाटकाच्या नोंदीत कुणीतरी भाषेचा रकाना कोरा सोडला होता. लोक "मराठी" निवडून शोधायचे आणि ते नाटक दोन वर्षं कुणाला दिसलंच नाही. एक नाटककार निम्मी नाटकं टोपणनावानं लिहायचा; खऱ्या नावानं शोधणाऱ्याला त्याची निम्मीच नाटकं सापडत. टाचणीनं दोन्ही नावं एकमेकांना जोडली, तेव्हा कुठे तो माणूस पूर्ण झाला. दर नोंदीत नाटकाचं नाव, नाटककार, कलाकार आणि त्यांच्या भूमिका, पडद्यामागची माणसं, भाषा, कालावधी, प्रयोगाचा दिनांक, आणि सगळ्यांत खाली "आधार": ही माहिती तुम्हाला कुठून कळली? हा शेवटचा रकाना तिनं भांडून सक्तीचा करून घेतला होता. तो भरल्याशिवाय नोंद पुढे सरकतच नसे.

दुसराही नियम तिचाच. नोंद एकानं करायची, फीत पाहून खात्री दुसऱ्यानं द्यायची. तो दुसरा म्हणजे फीतमास्तर, जुन्या फिती संगणकावर उतरवून घेणारा पन्नाशीचा गृहस्थ. त्याला बोलायचा कंटाळा आणि टाचणीला गप्प बसायचा, त्यामुळे त्यांचं बरं चालायचं.

निवृत्तीला सात महिने उरले होते. संग्रहालयाची नाटकं घरबसल्या शोधता येतील अशी सोय सुरू होणार होती. त्यासाठी साहेबांनी मोठा समारंभ ठरवला होता. साहेब म्हणजे संग्रहालयाचे संचालक; वाईट माणूस नव्हे, पण मोठं नाव दिसलं की त्यांचा कणा जरा मऊ व्हायचा. पहिल्या पानावर झळकायला त्यांनी दहा नाटकं निवडली, आणि दहांत पहिलं "सातव्या मजल्यावरचा खटला". कारण त्यात न्यायाधीशाच्या भूमिकेत बाईसाहेब होत्या. बाईसाहेब नाटकातून सिनेमात गेल्या, सिनेमातून घराघरांत गेल्या, आणि आता समारंभाच्या पाहुण्या म्हणून संग्रहालयात येणार होत्या. त्या नाटकाचे दोनशे बारा प्रयोग झाले आणि चित्रण एकाच प्रयोगाचं झालं. ती फीत संग्रहालयाकडे होती.

मास्तरांनी फीत उतरवली आणि टाचणीला हाक मारली. "ताई, फीत उतरली. फितीच्या डबीवर सगळं लिहिलंय. एकदा नजर टाका नि नोंद भरा."

तिनं चष्मा पुसला आणि बसली. पडदा उघडला. उंच आसन, काळा झगा, पांढरा टोप, जाड काड्यांचा चष्मा. कॅमेरा प्रेक्षागृहाच्या मागे एकाच जागी रोवलेला, चेहरा बोटाच्या पेराएवढा. न्यायाधीश उठून पायरी उतरली. झग्याची खालची कड प्रकाशात आली आणि टाचणी खुर्चीत पुढे सरकली.

कडेला धावदोरा होता. पांढरा.

"मास्तर, थांबवा. जरा मागे घ्या." मास्तरांनी मागे घेतलं. "मोठं करून दाखवा." मोठं केल्यावर ठिपके ठिपके झाले, पण काळ्या कडेवरची पांढरी रेघ लपत नव्हती.

"ही शिवण माझी आहे," टाचणी म्हणाली. "आणि ही बाई बाईसाहेब नाही."

तो दिवस तिला काल घडल्यासारखा आठवत होता. प्रयोगाच्या आधी दोन तास बाईसाहेबांचा निरोप आला, घसा बसलाय. घसा कुठल्या चित्रीकरणाच्या गावाला जाऊन बसला होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिकिटं गेलेली, कॅमेरावाले येऊन तारा पसरून बसलेले. प्रयोग व्यवस्थापक डोकं धरून बसला. तेव्हा विंगेतून बारीक आवाज आला, "मला पाठ आहे."

तो आवाज कुजबुजचा. कुजबुज म्हणजे कंपनीची प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून अडलेल्या नटाला पुढचा शब्द पुरवणं एवढंच तिचं काम; वर्षानुवर्षं हलक्या आवाजात बोलून तिचं नाव कुजबुज पडलेलं. सगळ्यांचे सगळे संवाद तिला पाठ होते आणि तिचा एकही नव्हता. बाईसाहेब उंच नि धिप्पाड, ही काडी. टाचणीनं तो झगा चार बोटं वर दुमडला, आजूबाजूनं आत घेतला. काळं रीळ नेमकं संपलेलं. "पांढऱ्यानंच घाल," कुजबुज म्हणाली, "माझ्या पायाकडे कोण बघतंय?" मग प्रॉम्प्टरच मंचावर गेल्यावर संहिता धरायला कुणी उरलं नाही, म्हणून ती वही टाचणीच्या हातात कोंबली गेली, आणि टाचणी आयुष्यात पहिल्यांदा त्या स्टुलावर बसली. पहिली दहा मिनिटं प्रेक्षक कुरकुरत होते. मध्यंतरात कुणी उठून गेलं नाही. शेवटी निकालाचं भाषण झालं तेव्हा सभागृह असं गप्प होतं की टाचणीला स्वतःच्या हातातल्या पानाची सळसळ ऐकू येत होती. तिनं पुढे-मागे खूप नाटकं पाहिली, पण तसं काम पुन्हा पाहिलं नाही. हे तिचं स्पष्ट मत होतं आणि ते ऐकवायला ती कुणालाही सोडत नसे.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब परत आल्या आणि कुजबुज परत स्टुलावर बसली.

आता कुजबुज बहात्तर वर्षांची होती, मुलाकडे राहायची. टाचणी महिन्या-दोन महिन्यांनी तिच्याकडे जाई. एकदा मुलानं हसत हसत म्हटलं होतं, "मावशी, आई सांगते, तिनं एकदा बाईसाहेबांची भूमिका केली. तिला काय बोलायचं ते बोलू दे, आम्ही हो म्हणतो." टाचणीनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. पण कुजबुज खाली बघून भाजी निवडत राहिली. तिला स्वतःच्याच घरात कुणी खरं मानत नव्हतं, आणि याचा टाचणीला त्या दिवशी जो राग आला तो उतरलाच नव्हता.

"ताई, तुम्ही म्हणता ते मी मानतो," मास्तर म्हणाले. "पण आधार काय? डबीवर बाईसाहेबांचं नाव. छापील पत्रकात बाईसाहेबांचं नाव. तुमची शिवण, तुमची मैत्रीण. तुमचाच नियम आहे, नुसत्या आठवणीवर नाव चढवायचं नाही."

टाचणीला नियमाची अशी चपराक कधी बसली नव्हती. मास्तरांचं बरोबर होतं.

साहेबांचं मत तिनं विचारलं नव्हतं, तरी ते मिळालं. "बाई, पत्रकातले कलाकार घालायचे. आजवर तसंच केलंय."

"तिथंच तर चुकतंय, साहेब. पत्रक एकदा छापतात आणि दोनशे प्रयोगांना वाटतात. फीत एका प्रयोगाची आहे. त्या प्रयोगात कोण होतं ते नोंदीत हवं."

"लोक बाईसाहेबांचं नाव घालून शोधणार. कुजबुजला कोण शोधणार आहे?"

"नोंदच नसेल तर कुणीच नाही," टाचणी म्हणाली. "आणि चुकीची नोंद एकदा लोकांपुढे गेली की संपलं. तिथून पुस्तकवाले उचलतील, वर्तमानपत्रवाले उचलतील. मग खरं बोलणाराच खोटा ठरेल."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "समारंभ नऊ दिवसांवर आलाय. पुरावा असेल तर आणा. नसेल तर डबीवर आहे ते घाला."

घरी लेक म्हणाली, "आई, सात महिने राहिलेत. कशाला वैर घेतेस?" टाचणी म्हणाली, "सात महिने राहिलेत म्हणूनच. सात वर्षं राहिली असती तर कदाचित मीही शेपूट घातली असती." तसं तिनं कधीच केलं नसतं, पण लेकीशी वाद आटोपता घ्यायचा होता.

कंपनीचा प्रयोग व्यवस्थापक प्रत्येक प्रयोगाची वही ठेवायचा. पडदा कधी उघडला, कधी पडला, काय बिघडलं, कोण उशिरा आलं. माणूस केव्हाच गेला होता, पण वह्या त्या चाळीस खोक्यांत असणार. बारा वर्षांत ती खोकी कुणी उघडली नव्हती, कारण कागद बघायला कुणाला वेळ नव्हता. टाचणीनं तळघराची किल्ली घेतली, नाकाला फडकं बांधलं आणि दुपारचं जेवण झाल्यावर रोज खाली उतरू लागली.

सतराव्या खोक्यात त्या नाटकाची वही सापडली. तिनं डबीवरची तारीख शोधली. त्या तारखेपुढे लिहिलं होतं: "प्रयोग नाही. सभागृहात रंगकाम."

ती तिथंच एका पालथ्या खोक्यावर बसली. वर जाऊन तिनं वही मास्तरांसमोर टाकली. "घ्या. त्या दिवशी प्रयोगच नव्हता."

मास्तरांनी डबी हातात घेतली, उलटी केली, लेबल नखानं चाचपलं. "ताई, ही मूळ फीत नाही, नक्कल आहे. हे नक्कल करणाऱ्या दुकानाचं लेबल. त्यांनी स्वतःच्या कामाची तारीख टाकलीय. प्रयोगाची नाही."

"म्हणजे तारीखही चुकीची, नावही चुकीचं. आणि साहेब म्हणतात डबीवर आहे ते घाला."

मग तिनं दोनशे बारा प्रयोगांच्या नोंदी पहिल्यापासून वाचायला घेतल्या. तीन दिवस लागले. वहीत बाईसाहेबांचा उशीर होता, दिवा फुटल्याचं होतं, आसनाचा पाय मोडल्याचं होतं. भूमिकेत बदल झाल्याची नोंद फक्त एकदा होती. एकशे त्रेचाळिसावा प्रयोग. व्यवस्थापकाच्या तिरप्या अक्षरात होतं: "आज न्यायाधीशाचे काम प्रॉम्प्टरने केले," आणि पुढे कुजबुजचं नाव, वडिलांच्या नावासकट. "७.०५ निवेदन, बदल जाहीर. पडदा ७.०८. मध्यंतर ८.२५ ते ८.४५. पडदा पडला ९.४६. चित्रण झाले. काम उत्तम."

त्या माणसानं हयातीत कुणाला उत्तम म्हटल्याचं टाचणीच्या ऐकिवात नव्हतं.

मास्तरांनी कागद ओढला आणि आकडे मांडले. पहिला भाग सत्त्याहत्तर मिनिटं, दुसरा एकसष्ट. बेरीज दोन तास अठरा मिनिटं. मग त्यांनी फितीचा कालावधी उघडून दाखवला. दोन तास अठरा मिनिटं, वर काही सेकंद. कॅमेरा पडदा उघडताना सुरू झाला होता आणि मध्यंतरात बंद होता, म्हणून बदलाचं निवेदन फितीत आलंच नव्हतं. बाईसाहेबांच्या प्रयोगांचे आकडे त्यांनी वहीतून काढले. ते सगळे दोन तास पंचवीसच्या पुढे.

"सात मिनिटं कुठं गेली?" मास्तरांनी विचारलं.

"टाळ्यांत," टाचणी म्हणाली. "बाईसाहेब आल्या की टाळ्या, आणि टाळ्या थांबेपर्यंत त्या पुढचं बोलायच्या नाहीत. कुजबुज आली तेव्हा एकही टाळी नव्हती. बघा लावून."

मास्तरांनी लावून बघितलं. न्यायाधीश येऊन आसनावर बसते, आणि सभागृहात कुणीतरी खोकतं. मास्तरांनी फीत थांबवली. मग म्हणाले, "भरा नोंद. मी खात्री देतो."

टाचणीनं नोंद भरली. नाटककार, दिग्दर्शक, इतर कलाकार. न्यायाधीशापुढे कुजबुजचं पूर्ण नाव. भाषा मराठी. कालावधी दोन तास अठरा मिनिटं, मध्यंतर वगळून. प्रयोगाचा दिनांक वहीतला. टिपेत लिहिलं: डबीवरील दिनांक नकलेचा आहे, छापील पत्रकात न्यायाधीशाच्या भूमिकेत बाईसाहेबांचं नाव आहे, पण या प्रयोगात त्या नव्हत्या. इथं तिनं अर्थातच "बाईसाहेब" न लिहिता त्यांचं जगजाहीर नाव लिहिलं, कारण टिपेतलेही शब्द शोधात सापडतात. बाईसाहेबांचं नाव घालून शोधणाऱ्यालाही हे नाटक दिसणार होतं, आणि दिसल्यावर खरं काय ते वाचावं लागणार होतं. आधाराच्या रकान्यात तिनं वहीचा क्रमांक आणि पान घातलं, त्या पानाचा आणि रंगकामाच्या पानाचा फोटो जोडला.

साहेबांनी नोंद वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. "बाई, मी त्यांना पहिल्या रांगेत बसवून हे दाखवू?"

"दाखवा की. त्यांना माहीतच आहे."

त्यांना खरंच माहीत होतं. साहेबांनी नोंदीचं त्यांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत फोन वाजला आणि साहेबांनी रिसीव्हर टाचणीच्या हातात दिला, जणू तो तापला होता.

"टाचणी ना तू?" बाईसाहेबांचा आवाज अजून तसाच खर्जातला. "अजून टोचतेसच."

"सवय आहे, बाईसाहेब."

"मी त्या दिवशी नव्हते, मला आठवतंय. पण ऐक. मी दोनशे अकरा वेळा ते काम केलं. ताप अंगात घेऊन केलं, माझे वडील गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी केलं. त्यातलं काही म्हणजे काही उरलं नाही. एक फीत उरली, आणि तीही तिची? तिनं एकदा केलं, टाचणी. एकदा."

बाईसाहेबांचे वडील गेल्यावरचा तो प्रयोग टाचणीला आठवत होता; झगा चढवताना त्यांचे हात गार होते. बाई खोटं बोलत नव्हती, आणि तिचं दुःखही खोटं नव्हतं.

"तुमच्या दोनशे अकरा प्रयोगांची नोंद मी करते," ती म्हणाली. "फीत नसली तरी प्रयोगाची नोंद होते. एकेक तारीख घालून, वहीतला आधार देऊन. वडिलांच्या वेळचासुद्धा. निवृत्त व्हायच्या आत पुऱ्या करते, शब्द देते. पण एकशे त्रेचाळिसाव्याची तुम्हाला देणार नाही. ती तुमची नाही."

"तू मला शिकवतेस?"

"नाही. मी रकाना भरतेय."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. तासाभरात निरोप आला की बाईसाहेबांना समारंभाला येणं जमणार नाही.

साहेब संतापले. संतापले की त्यांचा आवाज चढत नसे, तो अधिकच सभ्य व्हायचा. "ठीक आहे. माझ्याकडेही अधिकार आहेत. मीच नोंद बदलतो. आणि तुम्ही उद्यापासून तळघरात बसा, तुम्हाला तिथलं आवडलंच आहे."

"बसते. तिथं गार असतं," टाचणी म्हणाली. "आणि नोंद जरूर बदला. फक्त एक सांगते. बदल कुणी केला नि केव्हा, ते नोंदीखाली राहतं. ते मलाही पुसता येत नाही आणि तुम्हालाही. आणि बदल केला की आधार पुन्हा भरावा लागतो."

साहेब स्वतःच्या नावानं संगणकावर नोंदीत शिरले. कलाकारांच्या रकान्यातलं कुजबुजचं नाव त्यांनी खोडलं, बाईसाहेबांचं टंकलं. पुढे आधाराचा रकाना रिकामा होऊन उभा राहिला. टाचणी दारात उभी होती, हातांची घडी घालून. मास्तर तिच्या मागे येऊन उभे राहिले, आणि ज्यांना बोलायचा कंटाळा त्या मास्तरांनी सांगितलं, "साहेब, या नोंदीला मी खात्री देणार नाही. दुसऱ्या कुणाची घेणार असाल तर माझी हरकत लेखी घ्या."

साहेबांनी "डबीवरील लेबल" असं टंकलं. त्याच डबीवरची तारीख रंगकामाच्या दिवसाची होती, आणि ते पान टाचणीनं नोंदीला आधीच जोडलेलं होतं. साहेबांनी ते पान उघडलं, मग एकशे त्रेचाळिसाव्या प्रयोगाचं उघडून वाचलं. "काम उत्तम" इथपर्यंत वाचलं असावं, कारण त्यांची नजर खाली जाऊन थांबली. मग त्यांनी जतन न करताच नोंदीची खिडकी बंद केली.

"पहिल्या पानावर हे नाटक येणार नाही," ते म्हणाले.

"नको येऊ दे. शोधलं की सापडलं पाहिजे, बस."

समारंभ झाला. दुसरे पाहुणे आले, त्यांनी उद्घाटनाची फीत कापली आणि लांबलचक भाषण केलं. टाचणी तळघरात होती, बाईसाहेबांच्या अडतिसाव्या प्रयोगाची नोंद करत. तिला बोलावलं नव्हतं आणि बोलावलं असतं तरी ती गेली नसती, असं ती पुढे सांगायची. बोलावलं नाही याचा तिला रागच आला होता, तेही ती सांगायची.

चार दिवसांनी तिनं कुजबुजला आणली. वाचनालयाच्या खोलीत खिडकीपाशी संगणक होता, कुणीही बसावं असा. कुजबुजनं जाड भिंगाचा चष्मा चढवला. मुलगाही आला होता, आईला रिक्षातून एकटं कसं पाठवायचं म्हणून. तो मागे उभा होता.

"काय लिहू?"

"स्वतःचं नाव लिही."

कुजबुजनं एकेक अक्षर शोधत नाव लिहिलं. टाचणीनं मदत केली नाही, मुलालाही करू दिली नाही. नाव पुरं झालं, बटण दाबलं. नाटकांची रांग आली, सगळ्यांत ती प्रॉम्प्टर, आणि न्यायाधीश असलेलं एक. एकच. मुलगा पुढे वाकला. त्यानं न्यायाधीशापुढचं नाव वाचलं, तारीख वाचली, मग खालचं वहीचं पान उघडून तिरपं अक्षर वाचलं. आईच्या खुर्चीच्या पाठीवर त्यानं हात ठेवला, आणि तो हात तिथंच राहिला.

"हे कुणालाही दिसेल?" कुजबुजनं विचारलं.

"कुणालाही. तुझं नाव घाल, नाटककाराचं घाल, तारीख घाल. बाईसाहेबांचं घातलं तरी दिसेल."

कुजबुजनं डोळे पुसले आणि चष्मा पुन्हा चढवून नोंद वरपासून खालपर्यंत वाचली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिच्या कपाळाला आठी पडली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या संवादातून गळलेला शब्द पकडायचं जिचं काम, ती ही बाई.

"टाचणी, यात चूक आहे."

"कुठं?" टाचणी तडक उठली. अपमान झाल्यासारखी.

"प्रॉम्प्टर कोण ते लिहिलेलं नाही. बाकी सगळ्या नाटकांत तू माझं लिहिलंस. यात रकाना कोरा."

"तू मंचावर होतीस."

"मग वही कुणी धरली होती?"

टाचणी खिडकीकडे बघायला लागली. "कुणी का धरेना. वहीत त्याची नोंद नाही. आणि स्वतःच्या आठवणीवर नाव घालायचं नाही असा नियम आहे. माझाच आहे."

"नियम गेला खड्ड्यात," कुजबुज म्हणाली, आणि हे तिनं इतक्या मोठ्यानं म्हटलं की शेजारच्या टेबलावरचा वाचक वळून बघू लागला. "नाटक लाव. दुसरा भाग. निकालाच्या आधी मी अडकले होते."

हाक मारून मास्तरांना बोलावलं. त्यांनी दुसरा भाग लावला, आवाज वाढवला. न्यायाधीश उभी राहते, कागद उचलते, आणि थांबते. मंचावरचं ते थांबणं भीतिदायक लांब होतं. मग विंगेतून, अगदी हलका पण स्पष्ट, बाईचा आवाज आला: "चौथा साक्षीदार." ओठांत काहीतरी धरून बोलावं तसा जरा चेपलेला. आणि न्यायाधीश म्हणाली, "चौथा साक्षीदार खोटं बोललेला नाही."

"टाचण्या तोंडातच होत्या तुझ्या," कुजबुज म्हणाली. "तेव्हाही."

मास्तरांनी वेळ बघितली. एक तास बावन्न मिनिटं, चाळीस सेकंद. ते खुर्ची ओढून बसले आणि कळफलक जवळ घेतला. "ताई, स्वतःच्या नावाची नोंद स्वतः करता येत नाही. ती मी करतो. खात्री कोण देणार?"

"मी देते," कुजबुज म्हणाली. "मला सगळं पाठ आहे."

मास्तरांनी तिची साक्ष लेखी घेतली, तारीख घातली, तिची सही घेतली. प्रॉम्प्टरच्या रकान्यात त्यांनी नाव लिहिलं. टाचणी नव्हे, पगारपत्रकावरचं, पूर्ण. आधारापुढे लिहिलं: आवाज फितीत ऐकू येतो, १.५२.४०.